आवाज चौकटीतून येत नाही

मुख्य रस्त्यावर घर घेतलेल्या माणसाला पहिल्या महिनाभरात एक सल्ला हमखास मिळतो: यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवून घ्या, आवाज बंद होईल. सोसायटीतले शेजारी हे सांगतात, इंटिरियरवाले सांगतात, आणि दुकानात गेलं की विक्रेता तर दाखवूनच देतो. एका छोट्या पेटीत हॉर्न वाजत असतो. पेटीला बसवलेलं खिडकीचं झडप तो हॅन्डल फिरवून बंद करतो आणि हॉर्न जवळजवळ नाहीसा होतो. गिऱ्हाईक चकित होतं, आगाऊ रक्कम देतं. पुढे घरात खिडक्या बसतात, रात्री अकरा वाजता पीएमपीची रिकामी बस गिअर बदलत चढावर लागते आणि पलंगावर पडल्या पडल्या ती पहिल्याइतकीच ऐकू येते.

या सल्ल्याच्या मुळाशी असलेली समजूतच चुकीची आहे. खिडकीची चौकट लाकडाची आहे, ॲल्युमिनियमची आहे की यूपीव्हीसीची, यावर रस्त्याचा आवाज किती अडणार हे फारच थोडं ठरतं. ते ठरतं काचेच्या वजनावर, झडप कसं उघडतं यावर आणि फटी किती राहिल्या आहेत यावर. चौकटीच्या नावाने पैसे मोजणारा ग्राहक या तीन गोष्टी विचारतच नाही, म्हणून त्याची फसगत होते.

यूपीव्हीसीच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडायचे तर ते तीन आहेत. पहिला, ॲल्युमिनियम हा धातू असल्याने त्यातून आवाज सहज येतो, यूपीव्हीसी हे प्लास्टिक असल्याने ते आवाज अडवतं. दुसरा, दुकानातली ती पेटी. तिसरा आणि सगळ्यात वजनदार म्हणजे प्रत्यक्ष अनुभव: वरच्या मजल्यावरच्यांनी जुन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या काढून यूपीव्हीसी बसवलं आणि त्यांच्याकडे खरोखरच शांत झालं.

पहिल्या युक्तिवादात उष्णतेची आणि आवाजाची गल्लत आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट सहज वाहते, हे खरं. पश्चिमेच्या खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट एप्रिलमध्ये दुपारी हात लावू देत नाही, यूपीव्हीसीची देते. पण हवेतून येणारा आवाज अडवायला हवं असतं वजन. भिंतीचं किंवा काचेचं दर चौरस मीटरमागे वजन दुप्पट केलं की साधारण पाच ते सहा डेसिबलचा फरक पडतो. म्हणून सहा इंची विटांची भिंत रस्ता सहज अडवते आणि तिच्यातली खिडकी अडवू शकत नाही. खिडकीच्या एकूण क्षेत्रफळात चौकटीचा वाटा साधारण पावच असतो, उरलेली सगळी काच. तीच काच, तेवढ्याच जाडीची, तिन्ही चौकटींत बसते आणि तिन्हीकडे तितकाच आवाज अडवते.

लाकडाबद्दलही अशीच एक जुनी समजूत आहे, की सागवान आवाज पितं. लाकडी खिडकीचे चाहते हे मोठ्या विश्वासाने सांगतात. गणित करून पाहावं. सागवानाची घनता एका घनमीटरला सुमारे साडेसहाशे किलो धरली तर पस्तीस मिलिमीटर जाडीचं भरीव फळीचं झडप चौरस मीटरला तेवीस किलोच्या आसपास भरतं. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असतं, म्हणजे ते झडप नऊ मिलिमीटर काचेच्या बरोबरीचं झालं. वाईट नाही. पण फ्लॅटच्या खिडकीत भरीव फळी कोण लावतो? सागवानाची फक्त चौकट असते आणि तिच्यात लांबी भरून बसवलेली तीन-चार मिलिमीटरची काच. आवाज त्या काचेतून येतो, सागवान तिथे काही पीत नाही. शिवाय आवाज शोषणं आणि आवाज अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाड पडदा, गालिचा, गादी खोलीतला घुमारा कमी करतात. बाहेरची बस ते अडवत नाहीत.

आता ती पेटी. तिच्यातलं झडप जेमतेम दीड फुटाचं असतं, कारखान्यात नीट जुळवलेलं, चारी बाजूंनी रबराच्या गॅस्केटवर दाबून बसणारं. आत बहुतेक जाड काच असते. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट तर पेटीत नसतेच, कारण तिथे भिंतच नाही. आणि आवाज असतो हॉर्नचा, म्हणजे तीव्र, वरच्या पट्टीचा. अशा आवाजाला अडवणं सगळ्यात सोपं. बस, ट्रक, सिग्नलला उभा काँक्रीट मिक्सर यांचा जो घरघराट आहे तो खालच्या पट्टीचा आहे आणि झोप त्यानेच मोडते. पेटीत बसचं इंजिन वाजवून कोणी दाखवत नाही. तीच पेटी ॲल्युमिनियमच्या चांगल्या सेक्शनची आणि तसंच गॅस्केट लावून केली तर हॉर्न तितकाच बंद होईल.

राहिला शेजाऱ्याचा अनुभव. तो खोटा नाही, त्याचं श्रेय मात्र चुकीच्या वस्तूला दिलं जातं. वरच्या मजल्यावरची जुनी खिडकी बिल्डरने दिलेली सरकती, हलक्या सेक्शनची, चार मिलिमीटर काचेची, ट्रॅकमध्ये खडखडणारी. तिच्या जागी आली ती बिजागरीवर उघडणारी, गॅस्केटची, जाड काचेची, भिंतीलगत नव्याने भरून घेतलेली खिडकी. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या आणि लक्षात राहिला तो चौकटीचा पांढरा रंग.

हे आकड्यांत तपासता येतं. समजा पुण्यात कर्वे रस्त्याकडे तोंड असलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. बेडरूमची खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे सुमारे 1.86 चौरस मीटर. सरकती दोन झडपं, पाच मिलिमीटर काच. काचा किती आवाज अडवतात याचे सर्वसाधारण आकडे ईएन 12758 या युरोपीय मानकात दिलेले आहेत. त्यात पाच मिलिमीटरच्या एकेरी काचेला 30 डेसिबल दिले आहेत. दोन झडपं जिथे एकमेकांवर येतात तिथे इंटरलॉकच्या पट्टीवर लोकरीसारखा ब्रश असतो. तो दोन-तीन वर्षांत धुळीने आणि घासण्याने बसतो. तिथे चार फूट उंचीत दोन मिलिमीटरची फट राहिली असं धरू. तिचं क्षेत्रफळ झालं चोवीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे संपूर्ण खिडकीच्या हजारात एक भागाहून किंचित जास्त. डोळ्याला ती दिसतही नाही.

पण फटीतून आवाज जवळजवळ अख्खाच आत येतो. हजारातला एक भाग उघडा असला की बाकी खिडकी कशाचीही असो, तीस डेसिबलच्या पुढे ती जाऊ शकत नाही. या खिडकीचा काच आणि फट मिळून हिशेब केला तर तीस डेसिबलच्या काचेने प्रत्यक्षात सव्वीसच अडवले जातात. आता मालकाने पैसे खर्च करून काच बदलली, दहा मिलिमीटरची लॅमिनेटेड घातली. तिचा आकडा 34. फट तशीच ठेवली तर खिडकी अडवते सत्तावीस-अठ्ठावीस. एवढा खर्च झाला आणि हाती लागला जेमतेम दीड डेसिबल, जो कानाला कळतही नाही. साधारण तीन डेसिबलचा फरक जाणवू लागतो, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला दहा लागतात.

उलट करून पाहू. काच तीच जुनी पाच मिलिमीटरची ठेवली आणि फक्त फट बंद केली, तर सव्वीसचे तीस होतात. फटही नाही आणि दहा मिलिमीटरची लॅमिनेटेड काचही आहे, तर चौतीस. या सगळ्या हिशेबात चौकटीचा प्रकार एकदाही आला नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या जागी सरकतं यूपीव्हीसी आणि काच तीच ठेवली तर नवा ब्रश नवा असेपर्यंत थोडा फरक पडेल आणि दोन पावसाळ्यांनी खिडकी जुन्या जागी येईल. सरकत्या खिडकीत ब्रश लागतोच, कारण झडप सरकायला जागा हवी. घट्ट रबरावर ते सरकणार नाही. बिजागरीची खिडकी मात्र हॅन्डल फिरवल्यावर गॅस्केटवर दाबली जाते, वर, मध्ये आणि खाली असे दोन-तीन ठिकाणी तिचे खटके अडकतात. रस्त्याकडच्या बेडरूमसाठी सरकती की उघडणारी हा प्रश्न चौकटीच्या प्रश्नाच्या कितीतरी आधी यायला हवा.

दुहेरी काचेबद्दलही असाच गैरसमज पसरवला गेला आहे. ‘डबल ग्लास आहे, मध्ये व्हॅक्यूम आहे’ असं सांगितलं जातं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दुहेरी काचेच्या मध्ये व्हॅक्यूम नसतो, कोरडी हवा असते आणि तिला कोरडं ठेवणारे दाणे कडेच्या पट्टीत भरलेले असतात. त्याच युरोपीय मानकात चार मिलिमीटरची एकेरी काच 29 डेसिबलला आहे आणि चार-बारा-चार, म्हणजे चार मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर हवा, हीसुद्धा 29 लाच आहे. रस्त्याच्या खालच्या पट्टीच्या आवाजासाठीची दुरुस्ती धरली तर दुहेरी काच एका डेसिबलने मागेच पडते. कारण दोन सारख्या काचा आणि त्यांच्यामधला हवेचा अरुंद थर मिळून अडीचशे हर्ट्झच्या आसपास एकत्र थरथरतात, आणि अवजड वाहनांच्या घरघराटाचा बराच भाग तिथेच किंवा त्याच्या खाली असतो. दुहेरी काच उष्णतेसाठी उत्तम आहे. आवाजासाठी ती हवी असेल तर दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, जसं दहा आणि सहा. तिथे आकडा पस्तीसपर्यंत जातो. टफन्ड काच घेतली म्हणून आवाज कमी होत नाही, ती फक्त सुरक्षिततेसाठी. लॅमिनेटेडमध्ये मधला चिकट थर काचेची थरथर मारतो, म्हणून तेवढ्याच जाडीत ती साध्या काचेहून थोडी सरस ठरते.

मग चौकटीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. दहा मिलिमीटर काचेचं अडीच फूट बाय चार फुटांचं झडप नुसत्या काचेनेच बावीस किलोच्या पुढे जातं. हे वजन बिजागऱ्यांनी आणि चौकटीने वर्षानुवर्षं पेलायचं आहे. यूपीव्हीसी स्वतः मऊ असतं. त्याच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी घालावी लागते. ती हलकी असली, तुकड्यांत घातली किंवा घातलीच नाही, तर वर्षभरात झडप खाली झुकतं, वरच्या कोपऱ्यातलं गॅस्केट चौकटीपासून सुटतं आणि तिथून रस्ता आत येऊ लागतो. हे घरी तपासता येतं. चौकटीवर जोरदार चुंबक फिरवावा, तो सलग ओढला गेला पाहिजे. शिवाय यूपीव्हीसी उन्हात ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे मोठ्या रुंदीच्या खिडकीत भिंतीलगत हालचालीला जागा सोडून ती लवचीक सीलंटने भरावी लागते. सिमेंटने घट्ट भरलेली चौकट पहिल्या उन्हाळ्यातच कडेने चिरते.

यूपीव्हीसीचा खरा गुण वेगळाच आहे. त्याचे कोपरे तापवून एकजीव जोडलेले असतात आणि गॅस्केटची खाच प्रोफाइलमध्येच आलेली असते. त्यामुळे साधारण कारागिराच्या हातूनही ती खिडकी बऱ्यापैकी बंद होते. आपल्याकडे ॲल्युमिनियमचं काम बहुतेक वेळा फॅब्रिकेटर जागेवर सेक्शन कापून, कोपरे स्क्रूने जोडून करतो. कोपऱ्यात केस जाईल एवढी फट राहते आणि ती सिलिकॉनने झाकली जाते. ॲल्युमिनियमची बदनामी झाली ती या कामामुळे. बिजागरीची, दुहेरी गॅस्केटची, कोपऱ्यात आतून क्लीट बसवलेली ॲल्युमिनियमची खिडकी यूपीव्हीसीच्या तोडीस तोड असते, आणि उंच मजल्यावर वाऱ्यात तिचं झडप कमी वाकतं. लाकडाचं म्हणाल तर मुरलेल्या सागवानाच्या झडपाला खाच पाडून रबर बसवलं आणि जाड काच घातली तर ती खिडकीही या दोघींइतकाच आवाज अडवते. तिची अडचण पावसाळ्याची आहे: जुलैत झडप फुगून अडकतं, मग सुतार ते रंध्याने तासतो आणि मार्चमध्ये तिथेच फट पडते. जो मालक दर वर्षी पॉलिश आणि दुरुस्ती करणार नाही त्याने लाकडाच्या वाटेला जाऊ नये. पैसेही सर्वांत जास्त तिथेच लागतात.

भिंत आणि चौकट यांच्यामधल्या जागेकडे कोणी पाहतच नाही, आणि चांगली खिडकी तिथे वाया जाते. दहा-बारा मिलिमीटरची पोकळी फोमने फुगवून वरून सिलिकॉनची रेघ मारली की काम झालं असं मानतात. फोम हलका असतो, वजन नसल्याने तो खालच्या पट्टीचा आवाज सोडतो. कुठे कुठे तर आत फोमही नसतो, नुसती रेघ असते. बोटाच्या पेराने चौकटीभोवती टकटक करून पाहावं. जिथे पोकळ वाजतं तिथे भरलेलं नाही. पावसाळ्यात जिथून ओल येते तिथूनच आवाजही येत असतो. खिडकी बंद करून कडेने पेटलेली उदबत्ती फिरवावी, धूर हलला की फट सापडली. झडपात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. ती सहज निसटली तर गॅस्केट दाबलं जात नाही. एक चूक मात्र कोणी करू नये. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रं ठेवलेली असतात. आवाज येतो म्हणून ती सिलिकॉनने बुजवली तर मुंबई-कोकणातल्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी ट्रॅक भरून खोलीत उतरतं.

आवाज खरोखर कमी करायचा असेल तर त्याचा सगळ्यात चांगला उपाय विकायला कोणी फारसं उत्सुक नसतं, कारण त्यात जुनी खिडकी काढावी लागत नाही. बाहेरच्या बाजूची बिल्डरची खिडकी आहे तिथेच ठेवायची, तिच्या फटी दुरुस्त करायच्या आणि भिंतीच्या जाडीत आतल्या बाजूला दुसरी, उघडणारी, गॅस्केटची खिडकी बसवायची. दोन काचांमध्ये निदान शंभर मिलिमीटर अंतर हवं, आणि आतली काच बाहेरच्यापेक्षा जाड हवी. अंतर बारावरून शंभरावर गेलं की ती एकत्र थरथर ऐंशी हर्ट्झच्या आसपास उतरते आणि बसचा बराचसा घरघराट तिच्या वर, अडणाऱ्या भागात येतो. नीट केलेल्या अशा जोडीतून चाळीस डेसिबल आणि पुढचं अडवणं शक्य होतं, जे सव्वीसच्या तुलनेत कानाला निम्म्याहूनही कमी वाटतं. नऊ इंची भिंतीच्या जुन्या इमारतीत यासाठी जागा मिळते. नव्या काँक्रीटच्या सहा इंची भिंतीत चौकट थोडी आत काढावी लागते. आणखी एक सोय अशी की इमारतीचं बाहेरचं रूप बदलत नाही, त्यामुळे सोसायटीच्या आक्षेपाचा प्रश्न सहसा येत नाही. चाळिसाच्या पुढे गेल्यावर मात्र चौकटही कमकुवत दुवा ठरू शकते. तिथे ती भक्कम घ्यावी, मग ती कशाचीही असो.

याला एक मर्यादा आहे आणि ती विक्रेत्याने सांगायला हवी. हे सगळे आकडे बंद खिडकीचे आहेत. झडप चार बोटं उघडलं की कुठलीही खिडकी दहा-पंधरा डेसिबलवर येते. म्हणून रस्त्याकडची बेडरूम बंद ठेवायची तर हवा मागच्या बाजूने, डक्टकडच्या किंवा अंगणाकडच्या खिडकीने यायला हवी, आणि हे घर पाहतानाच तपासावं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधल्या काचेच्या पट्ट्या आणि बाल्कनीच्या दाराखालची फट यांच्यातूनही रस्ता येतो. पाइपभोवतीचं भोक भरून घ्यावं. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर मात्र तिथला व्हेंटिलेटर कधीही बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि तीही घराबाहेरच्या हवेसाठी. शहरातल्या कुठल्याही मुख्य रस्त्यावर ती पाळली जात असल्याचं ऐकिवात नाही, म्हणून हा खर्च घरमालकाच्या माथी येतो. तो करायचाच असेल तर कोटेशनमध्ये नुसतं ‘यूपीव्हीसी, साउंडप्रूफ’ असं लिहिलेलं मान्य करू नये. झडप सरकतं की उघडणारं, काच किती मिलिमीटरची आणि लॅमिनेटेड की साधी, दुहेरी असेल तर दोन्ही जाड्या आणि मधलं अंतर किती, गॅस्केट किती ओळींचं, यूपीव्हीसी असेल तर आतलं पोलाद किती जाडीचं आणि भिंतीलगतची पोकळी कशाने भरणार, हे सगळं लेखी घ्यावं. जो विक्रेता हे लिहून द्यायला तयार नसेल त्याला आगाऊ रक्कम देऊ नये, त्याच्या दुकानातली पेटी कितीही शांत असली तरी.